नाव नको म्हणणाऱ्याला आभाराचं पत्र

प्रश्न: "आमच्या गावच्या वाचनालयाला एका गृहस्थांनी अभ्यासिकेसाठी साडेतीन लाख रुपये दिले. अट एकच, नाव कुठे यायला नको. फलक नको, सत्कार नको, अहवालात उल्लेख नको. अध्यक्ष म्हणाले, निदान एक खाजगी पत्र तरी लिहा. मी चिटणीस आहे. चार वेळा लिहिलं, चारही वेळा मानपत्रच झालं. काय लिहू, आणि पाठवू कसं?"

मी तालुक्याच्या गावातल्या एका ‘ब’ वर्ग वाचनालयाचा सव्वीस वर्षं कार्यवाह होतो. एवढ्या काळात नाव नको म्हणणारे सात देणगीदार भेटले. पहिल्या दोघांना मी जी पत्रं लिहिली ती आज आठवली तरी वाईट वाटतं, कारण तीही मानपत्रंच होती. ‘आपल्या दातृत्वास तोड नाही’, ‘संस्था आपल्या ऋणातच राहू इच्छिते’, असली वाक्यं. ती का जमत नाहीत हे कळायला मला बराच वेळ लागला, म्हणून आधी तेवढंच सांगतो.

मानपत्रातला मजकूर देणगीदाराकडे बघून वाचला जातो, पण तो असतो समोर बसलेल्या दोनशे माणसांसाठी. ‘आपण थोर आहात’ हे त्या माणसाला सांगायचं नसतं, गावाला सांगायचं असतं. तुमच्या पत्राला गाव नाही, एकच वाचक आहे. तो उदार आहे हे त्याला तुमच्याकडून कळायचं काही कारण नाही. मग त्याला काय माहीत नाही, ते शोधा.

ज्याचं नाव फलकावर आहे तो माणूस कधीही आत येतो, खुर्च्या हलवून बघतो, रंग का उडाला म्हणून विचारतो, ग्रंथपालाला दोन शब्द सुनावतोही. नाव नको म्हणणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही. तो फार वेळ दारात रेंगाळला, दोन प्रश्न जास्त विचारले, तर कोणाच्या तरी मनात येणार, यांना एवढी आस्था कशाची? म्हणून तो मुद्दाम लांब राहतो. म्हणजे ज्याने पैसे दिले त्यालाच त्या पैशांचं काय झालं ते सगळ्यांत कमी कळतं. आणि घातलेली अट पाळली जाते आहे का, हेही त्याला कोणाला विचारता येत नाही. तुमचं पत्र या दोन गोष्टींसाठी आहे. खोलीचं काय झालं आणि त्याच्या शब्दाचं काय झालं. आभार एका ओळीत मावतात.

लिहायला बसण्याआधी त्यांना एकदा प्रत्यक्ष भेटा आणि ‘कोणाला कळायला नको’ यातलं ‘कोणाला’ म्हणजे कोण, ते विचारा. इथे प्रत्येकाची गोष्ट वेगळी निघते. काहींना फक्त गावात बोलबाला नको असतो, घरी सगळ्यांना माहीत असतं. काहींच्या घरीच माहीत नसतं. भावाभावांत वाटण्यांचा वाद चालू असतो, किंवा मुलाचं घराचं कर्ज डोक्यावर असतं आणि यांनी निवृत्तीच्या पैशांतून वाचनालयाला दिलेले असतात. कोणी गेलेल्या माणसासाठी गुप्तदान करतो आणि त्याची वाच्यता झाली तर ते पुण्य राहत नाही असं मानतो. कारण विचारू नका आणि पत्रात त्याचा अंदाजही बांधू नका. विचारायचं ते एवढंच: घरी कोणाला माहीत आहे, काही कळवायचं झालं तर कसं कळवू, आणि पावती कोणाच्या हातात देऊ.

हे मी एकदा विचारलं नाही. पत्र संस्थेच्या छापील पाकिटात घातलं आणि शिपायाबरोबर घरी धाडलं. दुपारची वेळ होती, देणगीदार शेतावर गेलेले. सुनेने पाकीट घेतलं, वाचनालयाचं नाव बघून पुस्तकं परत करायची नोटीस असेल म्हणून उघडलं. आत रक्कम आकड्यांत आणि कंसात अक्षरी लिहिलेली. त्या घरात पुढे महिनाभर जे चाललं ते मला नंतर कळलं. ते गृहस्थ मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त त्यानंतर वाचनालयात यायचे बंद झाले. त्यांचं वर्तमानपत्र वाचायचं बाक अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

आता एक गोष्ट, जिच्यात नवीन चिटणीस हमखास फसतात. ‘ही देणगी कोणाची हे कोणालाच कळणार नाही’ असं पत्रात लिहू नका, तोंडीही म्हणू नका. ते खरं होऊ शकत नाही. नाव जाहीर न करणं वेगळं आणि नाव नोंदवलंच नाही हे वेगळं. देणगीदाराचं नाव आणि पत्ता संस्थेच्या दप्तरात नसेल तर आयकराच्या दृष्टीने ती निनावी देणगी ठरते. अशा देणग्यांची बेरीज एक लाख किंवा वर्षाच्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांतली जी रक्कम मोठी तिच्या पुढे गेली, की वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. शिवाय देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी ८०जी मान्यता संस्थेला असेल तर २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणगीदारांचं विवरणपत्र भरावं लागतं. त्यात नाव, पॅन किंवा दुसरा ओळख क्रमांक आणि रक्कम जाते. ते आयकर खात्याकडे जातं, लोकांपुढे येत नाही, पण जातं. कोणी ‘मग रोखच घ्या, कटकट नको’ म्हणालं तर तेही करू नका. एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला कायद्याने बंदी आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा असतो.

म्हणून मी शेवटच्या पाच देणगीदारांना सरळ माणसं मोजून सांगत आलो. मी, अध्यक्ष, कोषाध्यक्ष आणि ऑडिटर. चौघं. आणि आयकराचं विवरणपत्र. एकानेही यावर पाऊल मागे घेतलं नाही. उलट ‘कोणालाच कळणार नाही’ म्हटल्यावर माणूस साशंक होतो आणि ‘चौघांना कळेल’ म्हटल्यावर निश्चिंत होतो, असा माझा अनुभव आहे.

पत्रात ‘अट पाळली’ असं लिहायचं तर आधी ती खरोखर पाळली गेली पाहिजे, आणि ती फुटते नेमकी ऑफिसच्या टेबलावर. सगळ्यांत वाईट जागा म्हणजे पावतीपुस्तक. पावती फाडून देतो आणि स्थळप्रत पुस्तकात राहते. दुसऱ्या दिवशी कोणी शंभर रुपये वर्गणी द्यायला येतो, लिपिक पुस्तक उलटं त्याच्यापुढे ठेवून नाव लिहितो आणि कालचं पान त्याच्या नजरेसमोर असतं. आम्ही यासाठी एक वेगळं, अनुक्रमांक छापलेलं पावतीपुस्तक कोषाध्यक्षांच्या कपाटात ठेवलं आणि ऑडिटरला तसं आधीच कळवलं. दुसरी जागा आवक-जावक रजिस्टर. तुमचं पत्र खाजगी आहे, त्याला जावक क्रमांक टाकू नका. तिसरी जागा कार्यकारी मंडळाचा ठराव. ‘अभ्यासिकेसाठी प्राप्त देणगी स्वीकारण्यात येत आहे, तपशील कोषाध्यक्षांकडे’ एवढ्यावर थांबा.

आणि वार्षिक अहवाल. आमच्या अहवालात एका वर्षी मी नाव न घालता लिहिलं होतं, ‘गावातल्याच शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या एका हितचिंतकाने’. मला वाटलं, अट पाळली. गावात त्या शाळेचे हयात असलेले निवृत्त मुख्याध्यापक दोनच होते आणि त्यांतल्या एकाला अर्धांगवायू झालेला. सर्वसाधारण सभेत ते पान वाचलं जात असताना अर्ध्या सभागृहाने मागे वळून बघितलं. तेव्हापासून ‘एक हितचिंतक’, ‘एक ज्येष्ठ वाचक’, ‘माजी विद्यार्थी’ हे सगळे शब्द मी सोडले. ‘अभ्यासिका निधीत जमा’ म्हणून बाकीच्या देणग्यांबरोबर एकच बेरीज दाखवायची. गावाला कोडं घातलं की गाव ते सोडवणारच.

एवढं झालं की पत्र. मी दोन वेळा लिहितो. पहिलं पावती देताना, चार ओळींचं: पैसे पोचले, काम अमुक महिन्यात सुरू होईल, तुमची अट या माणसांपर्यंत राहील. खरं पत्र नंतरचं. खोली तयार होऊन दोन-तीन महिने वापरात आल्यावर लिहायचं. उद्घाटनाच्या आठवड्यात लिहिलं तर सांगायला नवे पंखे आणि रंगच असतो. माणसं बसायला लागली, त्यांच्या सवयी पडल्या, की मग लिहिण्यासारखं काही मिळतं. ते मिळवायला स्वतः जाऊन बसावं लागतं. मी तीन वेगवेगळ्या वेळांना अर्धा-अर्धा तास बसत असे.

कागद साधा घ्या, लेटरहेड नको. लेटरहेडवर अकरा विश्वस्तांची नावं असतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, हे अकरा जणांनी मिळून लिहिलं. हाताने लिहा, एका पानाच्या एका बाजूत संपवा, सही तुमची एकट्याची. रक्कम लिहू नका. हिशेबाचा कागद वेगळा करा: फरशी, वीजकाम, टेबलं, खुर्च्या, इन्व्हर्टर, उरलेल्या पैशांचं काय केलं. तो पावतीबरोबर ठेवायचा, पत्राबरोबर नाही. पत्र चुकून दुसऱ्याच्या हातात पडलं तरी आकडा बाहेर जात नाही.

हाक मारताय तसंच लिहा. समोर ‘अण्णा’ म्हणता आणि पत्रात ‘माननीय महोदय’ लिहिलंत, तर पहिल्याच शब्दाला तुम्ही त्यांना व्यासपीठावर नेऊन बसवलंत. तुमच्या चारही मसुद्यांत गडबड तिथूनच सुरू झाली असेल, असा माझा अंदाज आहे.

तीन वर्षांपूर्वी मी एका देणगीदाराला लिहिलेलं पत्र त्यांच्या परवानगीने, ओळख लागेल अशा दोन गोष्टी बदलून, इथे देतो. कामही तुमच्यासारखंच होतं, स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी तीस जागांची अभ्यासिका.

"अण्णा, सप्रेम नमस्कार.

अभ्यासिका सुरू होऊन दहा आठवडे झाले. तुम्ही दारावरून जाता, आत येत नाही, म्हणून लिहितो.

दार सकाळी सहाला उघडतो. गेल्या मंगळवारी मी पावणेसहाला गेलो तर पायरीवर तिघं बसलेली होती. एकीच्या हातात दुधाची रिकामी किटली. डेअरीवर दूध घालून ती तशीच येते आणि साडेआठला घरी जाते. खिडकीजवळची सात नंबरची जागा तिची, असं बाकीच्यांनी आपापसात ठरवून टाकलं आहे. सकाळी वीस-बावीस जागा भरतात. रात्री साडेनऊनंतर दिवे बंद करायला गेलं की कोणी तरी ‘दहा मिनिटं’ म्हणतंच, म्हणून आता वेळ साडेदहापर्यंत केली आहे. दुपारी मात्र पाच-सातच जण असतात. वर पत्रा आहे, उन्हाळ्यात पंख्याने भागत नाही. त्याची सोय आम्ही वर्गणीतून केली आहे, पुढच्या मार्चच्या आत छत आतून झाकून होईल.

तुमचा शब्द पाळला आहे. आपण बोललो होतो त्या चौघांपलीकडे ही गोष्ट गेलेली नाही. ठरावात, अहवालात, भिंतीवर नाव नाही. दोघांनी मला विचारलं, मी ‘सांगायची परवानगी नाही’ एवढंच म्हणालो.

उत्तराची गरज नाही. आत बसून बघावंसं वाटलं तर संध्याकाळी पाचनंतर या. तेव्हा खाली वर्तमानपत्रं वाचायला बरेच जण येतात आणि काही जण वर डोकावून जातात, कोणाच्या लक्षात येणार नाही.

मनापासून आभार.

तुमचा,"

आणि खाली माझी सही.

यातल्या काही गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. मुलीचं नाव नाही. देणगीदाराला जशी आडोशाची गरज आहे तशी तिलाही आहे, आणि तिला ‘तुमच्यामुळे शिकते’ असं कोणाकडे दाखवून द्यायचा आपल्याला अधिकार नाही. म्हणूनच मुलांकडून ‘प्रिय दात्यास’ अशी पत्रंही लिहून घेऊ नका. मुलं ती गुरुजींनी फळ्यावर लिहून दिल्यासारखी लिहितात, आणि चाळीस मुलांना ‘कोणी तरी पैसे दिले’ हे कळलं की संध्याकाळपर्यंत चाळीस घरांत चर्चा सुरू होते.

दुपारी खोली तापते, हे लिहायचं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. लिहिलं, कारण त्यावाचून पत्र जाहिरातीसारखं वाटत होतं आणि सकाळच्या वीस जागांवरही त्यांचा विश्वास बसला नसता. पण अडचण सांगितली की ऐकणाऱ्याला वाटतं, आता पुढचं मागणं येणार. गुपचूप देणाऱ्याला ही भीती जास्त असते, कारण बऱ्याचदा नाव लपवण्यामागे पुढच्या दहा संस्था दारात येऊ नयेत हेच असतं. म्हणून अडचणीच्या पुढच्याच वाक्यात तिची सोय झाली हे लिहिलं. तुमच्याकडे सोय झालेली नसेल तर ती अडचण पत्रात घालू नका. खोटी सोय तर अजिबात लिहू नका, ते एक दिवस वर येऊन बघतील.

‘शब्द पाळला आहे’ हा परिच्छेद पत्र हातात देणार असाल तरच ठेवा. टपालाने पाठवणं भागच असेल, म्हणजे ते पुण्या-मुंबईला किंवा मुलाकडे परदेशात असतील, तर तो काढा आणि फोनवर सांगा. त्याशिवायचं पत्र दुसऱ्या कोणी वाचलं तर वाचनालयातून एका ओळखीच्या माणसाने खुशाली कळवली, एवढंच दिसतं. शेवटच्या ‘मनापासून आभार’मुळेही काही उघडं पडत नाही. पाकीटही साधंच घ्या, मागे पाठवणाऱ्याच्या जागी तुमचं नाव आणि घरचा पत्ता. व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवू नका. बऱ्याच घरांत आजोबांचा फोन नातवंडंच हाताळतात.

तुमच्या प्रश्नावरून तुम्हाला ते गृहस्थ माहीत आहेत असं दिसतं. माहीत नसते, पैसे मध्यस्थामार्फत आले असते, तर थोडं वेगळं करावं लागतं. मध्यस्थाला एकच अट घालावी लागते की नाव-पत्ता बंद पाकिटात कोषाध्यक्षांपर्यंत पोचला पाहिजे. नाही तर वर सांगितलेला कर आहेच. पत्र त्याच मध्यस्थाच्या हाती द्यायचं, पाकिटावर काहीही न लिहिता. मायन्यात फक्त ‘सप्रेम नमस्कार’. बाकी मजकूर हाच चालतो.

तुमचे चार मसुदे फाडून टाका. संगणकावर टाइप केले असतील तर ऑफिसच्या संगणकावरून काढा, तिथे लिपिकही बसतो. हे आजच करा, पत्र नंतर लिहा.

पत्र देताना वाचनालयात बोलावू नका आणि त्यांच्या ओट्यावर बसूनही देऊ नका. मी अण्णांना सकाळी फिरायला जातात त्या रस्त्यावर गाठलं. ते कालव्याच्या कठड्याला टेकले, चष्मा पुसून पत्र वाचलं, किटलीवाल्या ओळींपाशी थांबून पुन्हा वाचलं. मग घडी घालून माझ्याच हातात दिलं. म्हणाले, "घरात ठेवायला जागा नाही. तुझ्याकडेच राहू दे." असं झालं तर परत घ्या आणि नाराज होऊ नका, पत्र पोचलेलं असतं. त्यांना न विचारता ते फाडूही नका. अण्णांनी वर्षभराने पुन्हा तेच पत्र वाचायला मागितलं होतं.